दहा वार कापडाचा हिशेब

अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या वर्गात आदान-प्रदान सारणी, म्हणजे कोणत्या उद्योगाचा माल कुणाकडे किती गेला याचा तक्ता, शिकवताना मी दरवर्षी एकच प्रश्न देतो. देशात दोनच उद्योग आहेत. शेतात गहू पिकतो, कारखान्यात कापड विणले जाते. घरोघरी आजवर वर्षाला ३० वार कापड लागत होते, आता ४० वार लागणार आहे. गव्हाची घरगुती मागणी आहे तेवढीच राहील. तर एकूण किती जास्त कापड विणावे लागेल आणि किती जास्त गहू पिकवावा लागेल?

एका वर्षी एका विद्यार्थिनीने लिहिले: कापड १२.४२ वार, गहू ३.३१ बुशेल. कापडाचे उत्तर दशांशापर्यंत बरोबर होते. गव्हाचे उत्तर खऱ्या उत्तराच्या बरोबर निम्मे होते. बेरीज-वजाबाकीत एकही चूक नव्हती. मी ती वही दोनदा तपासली, कारण एकाच गणितातला एक आकडा तंतोतंत बरोबर आणि दुसरा तंतोतंत निम्मा येणे हा योगायोग असणे शक्य नव्हते. हे सगळे प्रकरण त्या निम्म्या आकड्याचे आहे.

प्रश्नासोबत मी देतो ती, खाली दिलेली सारणी माझी नाही. वॅसिली लिऑन्टिफ यांनी आपली पद्धत समजावून सांगताना वापरलेलेच हे गहू आणि कापडाचे उदाहरण आहे. १९३६ साली अमेरिकेच्या उद्योगांची अशी सारणी त्यांनी पहिल्यांदा छापली आणि याच कामासाठी १९७३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. खऱ्या सारणीत शेकड्यांनी रकाने असतात, पण जे समजायचे ते या दोन उद्योगांत सगळे आहे.

| | शेतीकडे गेले | कारखान्यांकडे गेले | घरांकडे गेले | एकूण |
|---|---|---|---|---|
| गहू (बुशेल) | २५ | २० | ५५ | १०० |
| कापड (वार) | १४ | ६ | ३० | ५० |
| श्रम (माणूस-वर्षे) | ८० | १८० | ४० | ३०० |

आडवी ओळ वाचली की माल कुठे गेला ते कळते. १०० बुशेल गव्हातले २५ शेतीतच परत गेले, म्हणजे बियाणे वगैरे. २० कारखान्यांनी घेतले आणि ५५ घरी पोहोचले. उभा रकाना वाचला की माल कशापासून झाला ते कळते. ५० वार कापड तयार व्हायला २० बुशेल गहू, ६ वार कापड आणि १८० माणसांचे वर्षभराचे काम लागले. कापडाला गहू कशाला, असे कोणीतरी विचारतेच. इचलकरंजीकडच्या मुलांना ते विचारावे लागत नाही, सुताला खळ लागते हे त्यांनी पाहिलेले असते. अर्थात बुशेलभर गहू म्हणजे सुमारे २७ किलो. या सारणीप्रमाणे एका वाराला ११ किलो गहू खर्ची पडतो, आणि एवढी खळ घालणारा सायझिंगवाला आठवडाभरही टिकणार नाही. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, एवढे मान्य करून पुढे जाऊ.

ओळीची बेरीज करता येते, कारण सगळे बुशेल किंवा सगळे वार आहेत. रकान्याची मात्र करता येत नाही. बुशेल, वार आणि माणसे एकत्र कशी मिळवणार? पैशात मांडलेल्या सारणीत हा अडसर दिसत नाही, कारण तिथे दोन्हीकडून बेरीज होते. मी मुद्दाम बुशेल-वारांपासून सुरुवात करतो ती यासाठीच. कोणत्या दिशेने काय करायचे याचा विचार इथे टाळता येत नाही.

आता पहिली पायरी. एक वार कापडाला किती गहू लागतो? कारखान्यांनी २० बुशेल घेतले आणि ५० वार कापड केले, म्हणून वाराला ०.४० बुशेल. कापडासाठी कापड ६ भागिले ५०, म्हणजे ०.१२ वार. एक बुशेल गव्हाला गहू २५ भागिले १००, म्हणजे ०.२५. कापड, म्हणजे पोती-बारदान समजा, १४ भागिले १००, म्हणजे ०.१४ वार. या चार आकड्यांना तांत्रिक गुणांक म्हणतात. प्रत्येक वेळी भाजक कोण आहे ते पाहा. जो उद्योग माल *घेतो* त्याचे एकूण उत्पादन खाली येते, जो माल देतो त्याचे नाही.

सूत्राकडे जाण्याआधी मी फेऱ्या करायला लावतो. घरांना १० वार जास्त हवेत, म्हणून १० वार विणायला घेतले. त्याला ४ बुशेल गहू आणि १.२ वार कापड लागले. पण ते ४ बुशेल पिकवायलाही बियाणे आणि पोती हवीत आणि त्या १.२ वारांनाही खळ हवी. म्हणून दुसऱ्या फेरीत गहू १.४८ बुशेल आणि कापड ०.७० वार. त्यांच्यासाठी तिसरी फेरी: ०.६५ बुशेल आणि ०.२९ वार. चौथीत ०.२८ आणि ०.१३. पाचवीत ०.१२ आणि ०.०५. तिसऱ्या फेरीपासून प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या निम्म्याहून कमी होत जाते. पाच फेऱ्यांची बेरीज गहू ६.५३ बुशेल आणि, मूळचे १० धरून, कापड १२.३८ वार. फेऱ्या कितीही चालू ठेवल्या तरी बेरीज ६.६२ आणि १२.४२ यांच्या पलीकडे जात नाही. तेच उत्तर.

फेऱ्या न करता ते एकदम मिळवायचे तर दोन समीकरणे मांडायची. एकूण गहू म्हणजे शेतीला लागलेला, कारखान्यांना लागलेला आणि घरांना लागलेला गहू यांची बेरीज. कापडाचेही तसेच. सोडवताना एक संख्या पुन्हा पुन्हा भाजक म्हणून येते: ०.७५ गुणिले ०.८८ वजा ०.४० गुणिले ०.१४, म्हणजे ०.६०४. घरगुती मागणीतल्या एका जादा वारासाठी गहू ०.४० भागिले ०.६०४, म्हणजे ०.६६२ बुशेल, आणि कापड ०.७५ भागिले ०.६०४, म्हणजे १.२४२ वार. दहा वारांना दहापट. संगणकावर करायचे तर एवढेच:

```python
import numpy as np
A = np.array([[0.25, 0.40],
              [0.14, 0.12]])
f = np.array([55, 40])
print(np.linalg.solve(np.eye(2) - A, f))
```

उत्तर येते १०६.६२ बुशेल आणि ६२.४२ वार. ताळा घेऊ. १०६.६२ बुशेलांपैकी २६.६६ शेतीला, २४.९७ कारखान्यांना आणि ५५ घरांना. बेरीज जुळते. कापडाचेही १४.९३, ७.४९ आणि ४० मिळून ६२.४२ होतात.

बरेच जण इथे एक वेगळीच घाई करतात. मागणी ३० वरून ४० झाली, म्हणजे एक तृतीयांशाने वाढली, तर उत्पादनही एक तृतीयांशाने वाढवा, म्हणजे ५० चे ६६.६७ करा. हे चार वारांनी जास्त आहे. ५० वारांतले १४ शेतीत पोती म्हणून जात होते, आणि घरी गहू जास्त खाल्ला जाणार नसल्याने तो भाग एक तृतीयांशाने वाढण्याचे कारणच नाही. ही चूक निदान चटकन पकडता येते. माझ्या विद्यार्थिनीची चूक तशी नव्हती.

तिने भागाकार आडवे केले होते. १०० बुशेल गव्हातले २० कारखान्यांकडे गेले, म्हणून ०.२०. ५० वार कापडातले १४ शेतीकडे गेले, म्हणून ०.२८. सारणी डावीकडून उजवीकडे वाचायची सवय असल्यामुळे हे अगदी सहज होते. हे आकडेही खोटे नाहीत. माल कुणाकडे किती प्रमाणात जातो ते ते सांगतात. फक्त एक वार कापडाला किती गहू लागतो हे ते सांगत नाहीत, आणि आपला प्रश्न तोच आहे.

मग कापडाचे उत्तर बरोबर कसे आले? ०.४० च्या जागी ०.२० आले, म्हणजे निम्मे. ०.१४ च्या जागी ०.२८ आले, म्हणजे दुप्पट. त्या दोघांचा गुणाकार तोच राहतो, म्हणून भाजकही ०.६०४ च राहतो. कापडाच्या मागणीतून कापडाकडे येणारा आकडा ०.७५ भागिले ०.६०४ असतो आणि त्यात हे बिघडलेले गुणांक थेट येतच नाहीत. चूक फक्त एका उद्योगाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या आकड्यांत शिरते. गव्हाचे एकूण उत्पादन १०० आणि कापडाचे ५०, हे प्रमाण दोनास एक असल्याने गव्हाचा आकडा बरोबर निम्मा झाला. दोन उद्योगांत हे हाताने दाखवता येते. पण उद्योग कितीही असोत, एखाद्या उद्योगाच्या मागणीतून त्याच उद्योगाकडे येणारा आकडा आडव्या भागाकारानेही तोच राहतो. मोठ्या सारणीत एखाद्याने फक्त ज्या उद्योगाची मागणी वाढली त्याचाच आकडा तपासला, तर सारे काही ठीक आहे असेच वाटेल.

पकडायचा उपाय साधा आहे आणि मी तो आता पहिल्याच तासाला सांगतो. नव्या मागणीकडे जाण्याआधी जुनी मागणी घालून पाहा. घरांची मूळ मागणी ५५ आणि ३० घातली की उत्तर १०० आणि ५० यायलाच हवे, कारण सारणी त्यावरूनच बनली आहे. तिच्या गुणांकांनी गहू ९०.०७ आणि कापड ६२.७५ येते. म्हणजे नवीन काही विचारण्याआधीच सारणी स्वतःशी जुळत नव्हती. तिला हे दाखवल्यावर ती म्हणाली, "सर, मग प्रश्नात जुनं उत्तर पण विचारत जा ना." मुद्दा बरोबर होता. तेव्हापासून विचारतो.

इथून पुढे प्रश्न खरा रंगतो, कारण श्रमाची ओळ अजून हातच लावलेली नाही. एका बुशेल गव्हाला शेतात ०.८ माणूस-वर्ष आणि एका वार कापडाला कारखान्यात ३.६ माणूस-वर्षे लागतात. जादा ६.६२ बुशेलांना ५.३० आणि जादा १२.४२ वारांना ४४.७० माणूस-वर्षे, मिळून बरोबर ५०. घरी पोहोचणाऱ्या एका वारामागे ५ माणूस-वर्षे. गव्हासाठी हाच हिशेब केला तर घरी पोहोचणाऱ्या एका बुशेलमागे २ येतात. म्हणूनच वर्षाची मजुरी एक डॉलर धरली की गहू दोन डॉलरला आणि कापड पाच डॉलरला पडते. हे भाव सारणीबाहेरून कोणी ठरवून दिलेले नाहीत, श्रमाच्या ओळीतूनच ते निघतात.

हे भाव लावून वाढ पैशात मांडली की एक जुना गोंधळ समोर येतो. जादा गहू १३.२५ डॉलरचा, जादा कापड ६२.०९ डॉलरचे. दोन्ही मिळून ७५.३३ डॉलर. घरांनी मात्र जास्तीचे फक्त ५० डॉलरचे कापड घेतले. म्हणजे प्रत्येक डॉलरच्या मागणीने दीड डॉलरचे उत्पादन वाढले. एखाद्या नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीत "अमुक पट उलाढाल" असे छापलेले असते ते बहुधा याच जातीचे असते. पण या ७५.३३ मध्ये खळीच्या गव्हाची किंमत एकदा गहू म्हणून आणि दुसऱ्यांदा कापडाच्या किमतीत मोजलेली आहे. लोकांच्या हातात खरोखर नवीन उत्पन्न किती आले? शेतात ५.३० आणि कारखान्यात ४४.७०, म्हणजे ५० डॉलर. घरांनी जेवढे जास्त खर्चले तेवढेच. सारणीचा गुणक उत्पादनाचा असतो. तो उत्पन्नाचा गुणक म्हणून खपवला, तर त्यातला एक तृतीयांश हिस्सा हवेतला असतो.

आता ती ५० माणसे आणायची कुठून? सारणीत एकूण ३०० माणूस-वर्षे आहेत आणि त्यातली ४० घरकामात आहेत. ती सगळी कारखान्यात आणली तरी १० कमी पडतात. समीकरणे याबद्दल काहीच तक्रार करत नाहीत. ती मुकाट्याने ३५० मागतात. लिऑन्टिफच्या या मांडणीत मागणी पुरवायला जे लागेल ते मिळेल असेच गृहीत असते. मजूर, यंत्रमाग किंवा जमीन संपली, तर ते आपल्यालाच वेगळे तपासावे लागते.

मग एकच वाट उरते, घरांनी दुसरे काहीतरी सोडायचे. एका वाराला ५ आणि एका बुशेलला २, म्हणून १० वारांसाठी २५ बुशेल. घरांचा गहू ५५ वरून ३० वर आला तर ४० वार कापड आहे त्याच माणसांत होते. तपासू. घरांची मागणी ३० आणि ४० घातली की एकूण गहू ७०.२० बुशेल आणि कापड ५६.६२ वार. शेतात ५६.१६ आणि कारखान्यात २०३.८४ माणूस-वर्षे, बेरीज २६०. आधीही ८० आणि १८० मिळून २६० च होती. घरांनी गहू २५ बुशेल सोडला, पण पीक जवळपास ३० ने घटले, कारण त्या गव्हाचे बियाणेही वाचले. आणि २४ माणसे शेत सोडून कारखान्यात गेली. "मला दहा वार कापड हवे" हे वाक्य बोलायला सोपे आहे. त्याची किंमत अशी मोजली की वर्गात थोडी शांतता पसरते.

दुसरी वाट आयातीची. समजा जास्तीचा गहू सगळा बाहेरून आणला. मग शेताकडे जाणाऱ्या फेऱ्या तुटतात, फक्त कापडाला लागणारे कापड उरते. १० भागिले ०.८८ म्हणजे ११.३६ वार विणावे लागतात, ४.५५ बुशेल गहू आयात होतो आणि देशात काम वाढते ४०.९ माणूस-वर्षांचे, ५० चे नव्हे. सारणीत आयात केलेला गहू आणि घरचा गहू एकाच ओळीत मिसळलेला असेल, तर गणित सगळाच गहू इथे पिकतो असे समजून चालते आणि रोजगाराचा आकडा फुगतो. कुठल्याही सारणीवर काम सुरू करण्याआधी आयात ओळींत मिसळली आहे की वेगळी ठेवली आहे हे पाहावे लागते. माझ्या मते भाजकाच्या चुकीपेक्षा ही चूक जास्त घातक, कारण इथे जुन्या मागणीचा ताळाही बरोबर जुळतो.

भारताची अशी सारणी केंद्रीय सांख्यिकी संघटना १९६८-६९ पासून साधारण दर पाच वर्षांनी काढत होती. पुण्याच्या गोखले संस्थेत १९६० च्या दशकात प्रा. पी. एन. माथुर आणि त्यांचे सहकारी या विषयावर काम करत होते, त्यामुळे इथल्या जुन्या प्राध्यापकांना हे रकाने परके नाहीत. २००७-०८ च्या सारणीत १३० क्षेत्रे आहेत. गणित तेच राहते, वरच्या कोडमध्ये `A` आणि `f` मध्ये नव्या सारणीचे आकडे येतात आणि `np.eye(2)` च्या जागी `np.eye(130)` येते. पण सारणी ज्या वर्षाची तेच तिचे गुणांक. २००७-०८ मध्ये एका वाराला जेवढी वीज लागत होती तेवढीच आज लागते असे मानायचे असेल, तर तसे उत्तरपत्रिकेवर लिहावे, एवढे मी मुलांना सांगतो.

त्या विद्यार्थिनीने नंतर तीच चूक पुन्हा मुद्दाम करून पाहिली. गव्हाची मागणी दहा बुशेलने वाढवली आणि आडव्या गुणांकांनी सोडवले. गहू १४.५७ बुशेल आला, तो बरोबर. कापड आले ४.६४ वार. खरे उत्तर २.३२. या वेळी चूक निम्मी नव्हती, दुप्पट होती.